नव्वद दिवस उलटून गेल्यावर बदल अर्जाची मुदत कशी वाढवून मागायची

पंधरा ऑगस्टला सकाळी झेंडावंदन होतं आणि त्याला जोडूनच वाचनालयाच्या सभागृहात वार्षिक सभा भरते. जुन्या कार्यकारिणीची मुदत संपलेली असते, नवी अकरा जणांची कार्यकारिणी बिनविरोध निवडली जाते. प्रोसिडिंग बुकात ठराव लिहिला जातो, सूचक-अनुमोदकांची नावं पडतात, चहा होतो आणि मंडळी घरी जातात. पुढे सहा-सात महिन्यांनी बँकेत सह्या बदलायला गेलं, की बँकेचा अधिकारी विचारतो, "धर्मादाय कार्यालयाच्या शेड्यूल एकच्या उताऱ्यावर तुमची नावं कुठे आहेत?" उताऱ्यावर अजून जुनीच मंडळी असतात, आणि त्यातले एक-दोघं तर हयातही नसतात.

आपल्याकडची देवस्थानं, शिक्षणसंस्था, वाचनालयं आणि तालमी यांतल्या बहुतेकांची नोंद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली असते. त्यातलं कलम २२ सांगतं, की नोंदवहीतल्या कोणत्याही नोंदीत बदल झाला तर विश्वस्तांनी तो नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय उपआयुक्त किंवा सहायक धर्मादाय आयुक्त यांना कळवायचा. हे कळवणं म्हणजे बदल अर्ज. तो शेड्यूल तीनच्या नमुन्यात असतो. नव्वद दिवस उलटले तर दार कायमचं बंद होतं असं नाही. २०१७ च्या दुरुस्तीने या कलमाला एक परंतुक जोडलं आहे. वेळेत न कळवण्याला पुरेसं कारण होतं अशी अधिकाऱ्यांची खात्री पटली, तर त्यांना मुदत वाढवून देता येते. मात्र कळवणाऱ्या विश्वस्ताने खर्चाची रक्कम भरायची, आणि ती सार्वजनिक न्यास प्रशासन निधीत जमा होते. किती रक्कम, हे कलमात ठरवून दिलेलं नाही, ते अधिकाऱ्यांवर सोपवलं आहे. किती जुन्या विलंबापर्यंत मुदत वाढवता येते, याचीही कमाल मर्यादा त्या परंतुकात नाही.

यासाठी जो अर्ज करतात त्याला रोजच्या भाषेत विलंब माफीचा अर्ज म्हणतात. तो बदल अर्जासोबतच द्यायचा असतो. हा अर्ज कसा लिहायचा आणि कशाच्या आधारावर तो उभा राहतो, तेवढंच इथे सांगतो. संस्थांची कागदपत्रं करताना मी असे अर्ज बरेच पाहिले आहेत. त्यांतले निम्मे एका पानाचे असतात: "कार्यवाहांची प्रकृती ठीक नसल्याने व कायद्याची माहिती नसल्याने विलंब झाला, तरी तो माफ व्हावा." एवढ्या वाक्यावर कोणत्याही अधिकाऱ्याची खात्री पटणं कठीण आहे. खात्री पटते ती तारखांनी, आणि प्रत्येक तारखेमागच्या कागदाने.

सगळं एका उदाहरणावरून पाहू. वर सांगितलेलंच वाचनालय घेऊ, तारखा मी बसवलेल्या आहेत.

सभा झाली १५ ऑगस्ट २०२४ ला. दिवस मोजताना सभेचा दिवस धरायचा नाही, १६ ऑगस्ट हा पहिला दिवस. ऑगस्टचे सोळा, सप्टेंबरचे तीस, ऑक्टोबरचे एकतीस, म्हणजे सत्त्याहत्तर झाले. उरले तेरा. म्हणून नव्वदावा दिवस १३ नोव्हेंबर २०२४, बुधवार. अर्ज प्रत्यक्ष दाखल झाला १० मार्च २०२५ ला. नोव्हेंबरचे उरलेले सतरा, डिसेंबरचे एकतीस, जानेवारीचे एकतीस, फेब्रुवारीचे अठ्ठावीस आणि मार्चचे दहा, असा एकूण ११७ दिवसांचा विलंब. हा आकडा अर्जात लिहायचाच. "सुमारे चार महिने" असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. त्यातून अर्जदाराने स्वतः दिवस मोजलेले नाहीत, हेच दिसतं.

मोजणीत आणखी एका ठिकाणी चूक होते. मुदत मोजली जाते बदल घडल्यापासून, तो आपल्या लक्षात आल्यापासून नव्हे. एखाद्या विश्वस्ताचं निधन मे महिन्यात झालं असेल आणि त्यांच्या जागी दुसऱ्याची निवड ऑगस्टच्या सभेत झाली असेल, तर निधनाच्या बदलाचे नव्वद दिवस मेपासूनच धावत असतात. दोन्हींचा विलंब वेगवेगळा निघतो आणि तो वेगवेगळाच दाखवावा लागतो. मागच्या दोन-तीन कार्यकारिणींचेही बदल अर्ज राहून गेले असतील, तर प्रत्येक बदलाचा स्वतंत्र हिशेब करून क्रमाने अर्ज द्यावे लागतात. मधली कडी नसेल तर आजची कार्यकारिणी कोणाकडून आली, हेच उताऱ्यावरून कळत नाही.

आता कारण. वाचनालयाचे कार्यवाह सगळं दफ्तर स्वतःच्या घरी, कपाटात कुलपात ठेवत. २१ ऑक्टोबरला त्यांना अर्धांगाचा झटका आला. ९ नोव्हेंबरला रुग्णालयातून सोडलं आणि तिथून ते थेट नाशिकला मुलीकडे गेले. डॉक्टरांनी १५ जानेवारीपर्यंत विश्रांती सांगितली होती. गावातलं घर बंद. प्रोसिडिंग बुक, सभेची नोटीस आणि हजेरीपत्रक त्याच घरात. ते परतल्यावर २० जानेवारी २०२५ ला दफ्तर अध्यक्षांच्या ताब्यात आलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कायद्याने दिलेले नव्वद दिवस पूर्णपणे तुमचे असतात. १५ ऑगस्ट ते २१ ऑक्टोबर हे सदुसष्ट दिवस तुम्ही का हलला नाहीत, याचा जाब एरवी द्यावा लागत नाही, शेवटच्या दिवशी अर्ज दिला असता तरी तो वेळेतच ठरला असता. स्पष्टीकरण द्यायचं असतं मुदत संपल्यानंतरच्या दिवसांचं. पण त्या स्पष्टीकरणाचं मूळ कारण मुदत संपण्याआधी सुरू झालेलं असावं लागतं. आपल्या उदाहरणात झटका २१ ऑक्टोबरला आला, मुदत १३ नोव्हेंबरला संपली, म्हणून कारण टिकतं. हाच झटका २५ नोव्हेंबरला आला असता, तर १३ तारखेला अर्ज का दिला नाही याचं उत्तर त्यात मिळालं नसतं. मुदत उलटून गेल्यानंतर घडलेली घटना हे मुदत चुकण्याचं कारण होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मुदतीच्या कायद्याबाबत १९८१ मध्ये सांगितलं आहे, आणि अधिकारीही तसंच पाहतात.

दुसरा प्रश्न हमखास येतो आणि बहुतेक अर्जांत त्याचं उत्तरच नसतं. कार्यवाह आजारी होते, ठीक. बाकीचे दहा जण काय करत होते?

या प्रश्नाचं उत्तर अर्जातच आधी द्यायला हवं, सुनावणीत विचारेपर्यंत थांबायचं नाही. वाचनालयाच्या अध्यक्षांनी २ डिसेंबरला कार्यवाहांच्या गावातल्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं होतं, की दफ्तर कोणामार्फत तरी आमच्याकडे द्यावं. ते पत्र "घर बंद" असा शेरा मारून परत आलं. ते परत आलेलं पाकीट म्हणजे या प्रकरणातला सगळ्यात वजनदार कागद. पोस्टाचा शिक्का आणि पोस्टमनचा शेरा त्यावर आहे, त्यात आपल्याला काही घालता येत नाही की काढता येत नाही. असं पाकीट फोडायचं नाही, आहे तसंच जपायचं आणि त्याची झेरॉक्स अर्जाला जोडून मूळ सुनावणीला न्यायचं. त्यानंतर १४ डिसेंबरला आणि ३ जानेवारीला अध्यक्षांनी कार्यवाहांच्या मुलीला व्हॉट्सॲपवर निरोप पाठवले, तिने "बाबांना प्रवास झेपणार नाही, ते आल्यावरच कपाट उघडता येईल" असं कळवलं. तारीख-वेळ दिसेल अशा रीतीने हे निरोप छापून घ्यायचे आणि शपथपत्रात त्यांचा उल्लेख करायचा.

आता शेवटचा टप्पा, २० जानेवारी ते १० मार्च. हे एकोणपन्नास दिवस लोक सरळ गाळतात. "दफ्तर मिळाल्यावर लगेच अर्ज दाखल केला" असं लिहून मोकळे होतात. एकोणपन्नास दिवसांना "लगेच" म्हणता येत नाही, आणि अर्जातला असा एक शब्द खोटा पडला की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते. खरं काय झालं तेच लिहायचं. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर कार्यकारिणीची बैठक झाली, तिच्यात बदल अर्ज आणि विलंब माफीचा अर्ज दाखल करण्याचे अधिकार अध्यक्षांना देणारा ठराव झाला. २७ तारखेला शेड्यूल एकच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केला, प्रत १२ फेब्रुवारीला हातात पडली. नव्या विश्वस्तांपैकी एक जण नोकरीनिमित्त पुण्यात असतात, त्यांचं संमतीपत्र आणि शपथपत्र २४ फेब्रुवारीला झालं. त्यानंतर अर्ज टाइप करून, तपासून, सह्या घेऊन १० मार्चला दाखल झाला. शेवटचे चौदा दिवस थोडे सैल आहेत. ते सैल आहेत हे मान्य करून, त्या दिवसांत काय चाललं होतं ते सरळ सांगणं बरं.

प्रत्येक दिवसाचा हिशेब द्यायचा म्हणजे तासातासाचा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये, अनंतनागच्या भूसंपादन जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रकरणात, हेच म्हटलं आहे: प्रत्येक दिवसाच्या विलंबाचं स्पष्टीकरण हवं, हा नियम व्यवहाराला धरून, तारतम्याने लावायचा. त्या निकालाचा सूर उदार आहे, तांत्रिक कारणावरून कोणाचं म्हणणं ऐकूनच न घेणं बरोबर नाही, असा. पण त्या उदारतेचा आधार घेताना आपल्या बाजूने निष्काळजीपणा नव्हता एवढं तरी दाखवता यायला हवं. "काम खूप होतं", "पदाधिकारी व्यग्र होते", "कायदा माहीत नव्हता" ही कारणं त्यात बसत नाहीत. कायदा माहीत नसण्याचं कारण तर पूर्वी बदल अर्ज दाखल केलेल्या संस्थेने देऊच नये, तिच्याच जुन्या फायली ते खोडून काढतात.

प्रत्यक्ष अर्जाचा गाभा कसा लिहावा, याचा एक नमुना देतो. वर "मा. सहायक धर्मादाय आयुक्त यांचे समोर", संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक आणि कळवणाऱ्या विश्वस्ताचं नाव-पत्ता येईल. मग:

"१. संस्थेच्या दि. १५/०८/२०२४ रोजीच्या सभेत नवीन कार्यकारिणीची निवड झाली. सदर बदल कळविण्याची नव्वद दिवसांची मुदत दि. १३/११/२०२४ रोजी संपली. प्रस्तुत बदल अर्ज दि. १०/०३/२०२५ रोजी दाखल करीत असून ११७ दिवसांचा विलंब झाला आहे.

२. संस्थेचे दफ्तर कार्यवाहांचे ताब्यात होते. ते दि. २१/१०/२०२४ रोजी अर्धांगवाताने आजारी पडून दि. ०९/११/२०२४ पर्यंत रुग्णालयात दाखल होते व त्यानंतर नाशिक येथे मुलीकडे वैद्यकीय सल्ल्याने दि. १५/०१/२०२५ पर्यंत विश्रांतीस होते. त्या काळात त्यांचे राहते घर बंद होते.

३. अर्जदाराने दि. ०२/१२/२०२४ रोजी रजिस्टर पोस्टाने दफ्तराची मागणी केली. सदर पत्र 'घर बंद' या शेऱ्याने परत आले. त्यानंतर दि. १४/१२/२०२४ व दि. ०३/०१/२०२५ रोजी निरोप पाठवून मागणी केली. दफ्तर दि. २०/०१/२०२५ रोजी प्राप्त झाले.

सबब विनंती की, सदर विलंबास पुरेसे कारण असल्याने कलम २२ अन्वये मुदत वाढवून देण्यात यावी व बदल अर्ज दाखल करून घ्यावा. अर्जदार योग्य तो खर्च भरण्यास तयार आहे."

चौथ्या परिच्छेदात २० जानेवारीनंतरचा तपशील येईल. विशेषणं नकोत, "अत्यंत नम्रपणे", "कृपावंत होऊन" असली शब्दांची आरास नको. दीड-दोन पानांत सगळं बसतं.

या मजकुराच्या पाठीशी शपथपत्र हवं, आणि ते ज्याला गोष्टी स्वतः माहीत आहेत त्यानेच करावं. दफ्तर मागण्याची खटपट अध्यक्षांनी केली, म्हणून मुख्य शपथपत्र त्यांचं. आजारपणाबद्दल कार्यवाहांचं स्वतःचं छोटं शपथपत्र वेगळं जोडता आलं तर फार उत्तम. मग कागदपत्रांची यादी. यादीत नुसती कागदांची नावं न लिहिता, तो कागद अर्जातल्या कोणत्या परिच्छेदासाठी आहे तेही लिहावं. आपल्या उदाहरणात ती अशी होईल:

१) रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, दाखल आणि सोडल्याच्या तारखांसह (परिच्छेद २)
२) १५ जानेवारीपर्यंत विश्रांतीचा सल्ला असलेलं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि मधल्या तपासण्यांचे कागद (परिच्छेद २)
३) रजिस्टर पत्राची स्थळप्रत, पोस्टाची पावती आणि परत आलेलं पाकीट (परिच्छेद ३)
४) व्हॉट्सॲप निरोपांची छापील प्रत (परिच्छेद ३)
५) दफ्तर मिळाल्याची पोच, दोघांच्या सह्यांसह (परिच्छेद ३)
६) २६ जानेवारीच्या ठरावाची प्रत (परिच्छेद ४)
७) प्रमाणित प्रतीच्या अर्जाची पोच, आणि प्रत मिळाल्याची तारीख दाखवणारा शिक्का (परिच्छेद ४)

सभेची नोटीस, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरीपत्रक, ठराव, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं हे सगळं बदल अर्जाचे कागद आहेत, ते त्याच्या स्वतंत्र यादीत जातात. दोन्ही याद्या एकत्र केल्या की विलंबाचा पुरावा त्या ढिगात हरवतो.

वैद्यकीय प्रमाणपत्राबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण चांगली प्रकरणं इथे अडकतात. मार्चमध्ये डॉक्टरांकडे जाऊन "ऑक्टोबर ते जानेवारी आजारी होते" असा दाखला आणला, आणि त्यासोबत त्या काळातला एकही केसपेपर नसेल, तर तो दाखला पोकळ वाटतो. त्याच्या शेजारी एखादी नोव्हेंबरमधली फिजिओथेरपीची पावती किंवा औषधांचं बिल ठेवलं, की चित्र बदलतं. दाखल करण्याआधी प्रोसिडिंग बुकाची पानंही एकदा नीट चाळावीत. कित्येक संस्थांत मासिक बैठकांची इतिवृत्तं मागाहून लिहून सवयीने सह्या घेतल्या जातात. आपल्या कार्यवाहांनी जानेवारीत परतल्यावर २९ ऑक्टोबरच्या बैठकीच्या इतिवृत्ताखाली सही ठोकली असेल, तर कागदावर ते त्या दिवशी एकाच वेळी रुग्णालयात आणि वाचनालयात होते. विरोधी गटाचा कोणी हजर झाला तर तो पहिल्यांदा हेच पान उघडेल. अशी चूक सापडली तर खाडाखोड करू नये. सही केव्हा आणि कशी झाली ते शपथपत्रात आपणहून सांगावं.

अर्ज दाखल झाल्यावर ज्यांना हितसंबंधी म्हणून नोटीस जायची त्यांना, बहुधा पायउतार विश्वस्तांना, ती जाते आणि ते आपलं म्हणणं देतात. त्यांची हरकत नसेल तर तसं शपथपत्र आधीच घेऊन जोडावं, एक-दोन तारखा वाचतात. मुदत वाढवून मिळाली की आदेशात खर्चाची रक्कम आणि ती भरायची मुदत पाहून घ्यावी. रक्कम भरल्याची पावती फायलीत लागल्याशिवाय पुढचं काम सरकत नाही. कलमाच्या शब्दांप्रमाणे हा खर्च कळवणाऱ्या विश्वस्ताने भरायचा आहे. तो संस्थेच्या खात्यातून उचलून खर्ची टाकला तर हिशेब तपासनीस त्यावर बोट ठेवू शकतात.

मुदतवाढ म्हणजे बदलाला मंजुरी नव्हे, हेही विश्वस्तांना सांगावं लागतं. सभेची नोटीस घटनेप्रमाणे दिली होती का, गणपूर्ती होती का, निवड नियमाला धरून झाली का, ही चौकशी त्यानंतर होते. विश्वस्तांच्या नावांतल्या बदलाबाबत २०१७ च्या दुरुस्तीने वाट थोडी सोपी केली आहे. अधिकारी पंधरा कामाच्या दिवसांत तात्पुरती स्वीकृती देऊन हरकती मागवू शकतात, आणि नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत कोणाची हरकत आली नाही तर ती स्वीकृती अंतिम होते. हरकत आली तर रीतसर चौकशी चालते.

जुने बदल राहिलेल्या संस्थांसाठी एक आठवण. कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ न्यायिक आणि अर्धन्यायिक कामांच्या मुदतीतून वगळला होता. तो आदेश १० जानेवारी २०२२ चा. तुमच्या नव्वद दिवसांपैकी काही दिवस त्या काळात येत असतील तर विलंब मोजताना तेवढा काळ आधी वजा करून दाखवावा, आदेशाची प्रत जोडावी, आणि उरलेल्या दिवसांचंच कारण सांगावं. मी पाहिलेल्या एका अर्जात साडेतीन वर्षांचा विलंब लिहिला होता, आणि त्यातला बराचसा काळ या आदेशाखाली येत होता. अर्जदारांनी तो मोजलाच नव्हता.

आणि नव्वद दिवस अजून संपले नसतील, फक्त दफ्तर हातात नसेल, तर वेगळं करता येतं. मुदत आहे ती बदल कळवण्याची. हातात असेल तेवढ्या माहितीवर शेड्यूल तीनचा अर्ज वेळेत दाखल करावा, "ठरावाची मूळ प्रत व हजेरीपत्रक कार्यवाहांच्या आजारपणामुळे उपलब्ध नाही, ती मिळताच दाखल करण्यास वेळ द्यावा" असा दुसरा अर्ज सोबत द्यावा, आणि पोच घ्यावी. कार्यालय त्रुटी काढेल, त्या पूर्ण करायला तारीख देईल. वाचनालयाच्या अध्यक्षांनी १२ नोव्हेंबरला एवढं केलं असतं, तर ११७ दिवसांचा प्रश्न उभाच राहिला नसता. कार्यवाहांच्या कपाटाला कुलूप होतं, पण सभेत कोण निवडून आलं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.